आईचं विसरणं, झोकांड्या खात चालणं आणि गोंधळ: डॉक्टरांना पत्र लिहिणाऱ्या लेकींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यात फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करते. आखाजी आणि दिवाळी झाली की माझ्याकडे एकाच तऱ्हेचे निरोप येऊ लागतात. माहेरी आलेली लेक चार-सहा महिन्यांनी आईला बघते आणि तिला जाणवतं की आई बदलली आहे. घरात रोज सोबत असणाऱ्यांना हा बदल दिसत नाही, कारण तो रोज थोडाथोडा झालेला असतो. या लेकी जे विचारतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणातल्या बाईंची ओळख पटू नये म्हणून त्यांचे तपशील बदलले आहेत.

आईला दवाखान्यात नेणारच आहोत. मग वेगळं पत्र कशाला?

कारण तपासणीच्या खोलीत खरी हकीकत बहुतेकदा सांगितलीच जात नाही. आजार आठवणीचा आहे, त्यामुळे काय बिघडलं हे आईला स्वतःला सांगता येत नाही. विचारलं तर ती म्हणते, "काही नही, बरी शे मी." सोबत आलेला मुलगा किंवा पुतण्या तिच्यासमोर "हिला काही समजत नाही" असं म्हणायला कचरतो, आणि ते योग्यच आहे. ज्या लेकीने सगळं बारकाईने पाहिलं, ती त्या वेळी पुण्यात किंवा सुरतेला असते.

पत्र असेल तर मी ते आईला आत बोलावण्याआधी वाचू शकते. मग मी तिला नुसतं "कशा आहात?" असं न विचारता नेमकं तपासते. ते फाइलीतही राहतं. पुढे न्यूरोलॉजिस्टकडे पाठवायची वेळ आली, तर तेच पत्र सोबत जातं आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

सत्तरीनंतर सगळेच विसरतात. आमचं वेगळं आहे हे कसं समजायचं?

वयाने येणारं विसरणं वेगळं असतं. नाव पटकन आठवत नाही, मग तासाभराने आठवतं. चष्मा कुठे ठेवला ते सापडत नाही. पण स्वयंपाक, हिशोब आणि नात्यागोत्यातलं देणंघेणं व्यवस्थित चालू असतं.

मला जास्त काळजी वाटते ती विसरण्यासोबत चालही बदलली असेल तेव्हा, आणि तीही काही महिन्यांत. अल्झायमरमध्ये सुरुवातीची काही वर्षं माणूस सहसा नीट चालतो. आठवण आधी जाते, पाय बरेच नंतर. म्हणून विसरणं, झोकांड्या आणि गोंधळ हे तिन्ही दोन-चार महिन्यांत आले असतील, तर "वय झालं" किंवा "अल्झायमर असेल" असं म्हणून थांबता येत नाही. या तिघांना एकत्र आणणारी बरीच कारणं उपचाराने सुधारतात. मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साचलेलं रक्त, मेंदूत वाढलेलं पाणी, बी-12 ची कमतरता, रक्तातलं घटलेलं सोडियम, थायरॉइडची कमतरता आणि चुकीच्या गोळ्या ही त्यातली मुख्य. उशीर झाला तर मात्र यातल्या काहींचं नुकसान भरून येत नाही.

पत्रात नेमकं काय लिहायचं? मी लिहायला बसते आणि पानंच्या पानं होतात.

एक पान पुरे. आजाराचं नाव लिहू नका, जे दिसलं ते लिहा. "आईला डिमेन्शिया झालाय असं वाटतं" या वाक्याने मला काहीच कळत नाही. "बाजारातून आल्यावर सुट्टे पैसे मोजता आले नाहीत" यातून बरंच कळतं.

सगळ्यात आधी आई पूर्ण ठीक असल्याचा शेवटचा दिवस शोधा. तारखा आठवत नाहीत, सण आठवतात. कानबाईला तिने रोट केले होते का? दिवाळीत? संक्रांतीला? ज्या सणाला ती नक्की ठीक होती, तिथून पुढे लिहीत या. मग काय आधी बिघडलं आणि काय नंतर, तो क्रम लिहा. चाल आधी की आठवण आधी, यावर माझा पुढचा विचार बराच ठरतो. बदल सतत वाढत गेला की एक दिवस बरा, एक दिवस वाईट असा होता, हेही सांगा.

त्यानंतर डोक्याला लागलेला मार. गेल्या तीन-चार महिन्यांतला, कितीही किरकोळ असला तरी. घरात सगळ्यांना विचारा आणि शेजारीही विचारा. आया पडल्याचं लपवतात. उगाच सगळ्यांना काळजी नको म्हणून.

शेवटी गोळ्या. प्रिस्क्रिप्शनवरच्या तर लिहाच, पण दुकानातून आणलेल्या, शेजारणीने दिलेल्या, वैद्याकडच्या पुड्या, सगळं लिहा. नावं वाचता येत नसतील तर पाकिटांचे फोटो जोडा.

एखादं पत्र लिहून दाखवाल का?

हे पत्र मला खरोखर आलेल्या एका पत्रावर आधारलेलं आहे.

*आदरणीय डॉक्टर मॅडम,*
*सा. न. वि. वि.*

*माझी आई, वय 72, चोपडा तालुक्यात राहते. बीपी आणि शुगरसाठी ती आपल्याकडेच येते. तीन वर्षांपूर्वी तिच्या हृदयात स्टेंट बसवला आहे. मी नाशिकला असते. सोमवारी भाऊ तिला घेऊन येईल. तिच्यासमोर सगळं बोलणं तिला लागेल, म्हणून लिहीत आहे. पत्र लिहिल्याचं मी तिला सांगितलं आहे.*

*दिवाळीत आई पूर्ण ठीक होती. दिवाळीचा सगळा फराळ तिने केला, भाऊबीजेचा हिशोब तिच्याकडेच होता. संक्रांतीलाही फोनवर नेहमीसारखी बोलली. महाशिवरात्रीनंतर फरक पडू लागला.*

*आधी चाल बदलली. चालताना ती डावीकडे झुकते. डाव्या पायातली चप्पल निसटते आणि तिला ते कळतच नाही. चप्पल ओट्याजवळ आणि आई आत घरात, असं वहिनीने बऱ्याचदा पाहिलं आहे. उजव्या पायाचं तसं होत नाही.*

*मग दोनेक आठवड्यांनी विसरणं सुरू झालं. गल्लीतल्या सगळ्यांच्या बिबड्यांचा घाटा आजवर आईच शिजवत आली. या वर्षी घाटा चुलीवर असताना ती मध्येच थांबली आणि पुढे काय करायचं ते तिला सुचेना.*

*आखाजीला मी आले. माझ्याशी तासभर बोलली, जेवली आणि मग मलाच विचारलं, "तू कव्हय उनी?" दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती इतकी व्यवस्थित होती की मलाच वाटलं, आपण उगाच घाबरलो. संध्याकाळी पुन्हा तोच गोंधळ.*

*संक्रांतीनंतर आठवड्याभरात ती न्हाणीत घसरली होती आणि डोकं भिंतीवर आपटलं होतं. रक्त आलं नाही, टेंगूळ आलं, हळद लावली. घरात कोणाला बोलली नाही. मला शेजारच्या काकूंकडून कळलं. हल्ली सकाळी डोकं दुखतं म्हणून बाम लावते. ताप नाही. लघवीवर ताबा आहे.*

*गोळ्या: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन. दोन महिन्यांपासून गावातल्या दुकानातून आणलेली चक्करची गोळी रोज दोनदा घेते. पाकिटाचा फोटो जोडला आहे.*

*आपण तपासल्यावर मला फोन केला तरी चालेल.*

*आपली नम्र,*

खाली नाव आणि फोन नंबर.

असं पत्र वाचून डॉक्टर काय समजतात?

या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य चपलेचं आहे. बी-12 कमी असो, सोडियम कमी असो किंवा गोळ्यांचा परिणाम असो, चाल बिघडते ती सहसा दोन्ही पायांची. एकाच पायातली चप्पल निसटते आणि ती निसटल्याचं कळतही नाही, याचा अर्थ बिघाड एका बाजूला आहे. डावा पाय म्हणजे मेंदूची उजवी बाजू.

दुसरी गोष्ट चढ-उताराची. सकाळी ठीक, संध्याकाळी गोंधळ. अल्झायमर सहसा असा तासातासाला खाली-वर होत नाही. तिसरी, डोक्याला मार आणि त्यानंतर चार-पाच आठवड्यांची शांतता. चौथी, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या एकत्र. या चार गोष्टी शेजारी ठेवल्या की मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखाली साचलेल्या जुन्या रक्ताचा संशय सगळ्यात वर येतो. आम्ही त्याला क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा म्हणतो.

आई आल्यावर मी तिला दोन्ही हात पुढे करायला सांगितले, तळवे वर, जणू प्रसाद घ्यायचा आहे, आणि डोळे मिटायला सांगितले. काही सेकंदांत डावा हात आत वळत खाली यायला लागला. तिला ते कळलं नाही. हातात ताकद होती, पकड चांगली होती. तरीही हात खाली आला. ही तपासणी करायला काही उपकरण लागत नाही आणि सौम्य कमजोरीही तिच्यात दिसून येते.

त्याच दिवशी जळगावला डोक्याचा साधा सीटी स्कॅन झाला, डाय न देता. कवटीच्या आतल्या उजव्या बाजूला चंद्रकोरीच्या आकाराचा काळसर थर होता आणि त्याने मेंदू डावीकडे ढकलला होता. आई शुद्धीत होती, उलट्या नव्हत्या, म्हणून न्यूरोसर्जन आणि हृदयाच्या डॉक्टरांनी बोलून तिला दवाखान्यात नजरेखाली ठेवलं आणि क्लोपिडोग्रेलचा परिणाम ओसरायला काही दिवस दिले. मग कवटीला लहान छिद्रं पाडून ते काळपट, पातळ झालेलं रक्त काढलं आणि दोन दिवस नळी ठेवली. नळी ठेवल्याने रक्त पुन्हा साचण्याचं प्रमाण कमी होतं.

आठवडाभरात चप्पल पायात राहू लागली. गोंधळ त्याच सुमारास गेला. विसरणं मात्र सावकाश कमी झालं आणि थोडं राहिलंच. रक्ततपासणीत बी-12 ही कमी निघालं होतं, त्याची इंजेक्शनं सुरू केली. चक्करची गोळी बंद केली. एका आजीत तीन कारणं सापडली. म्हाताऱ्या माणसांत हे नेहमीचं आहे. एक कारण सापडलं म्हणून बाकीची शोधायची थांबवू नये.

आमची आई पडलीच नाही. तरी डोक्यात रक्त साचू शकतं का?

हो. वय वाढतं तसा मेंदू आकसतो, पण कवटी तेवढीच राहते. मेंदूपासून बाहेरच्या आवरणापर्यंत जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणल्या जातात. अशा ताणलेल्या शिरेला फाटायला मोठा मार लागत नाही. चौकटीला डोकं लागणं पुरतं. खाली बसताना नितंबावर जोरात आदळणं किंवा खड्ड्यात गाडीचा दणका बसणंही पुरू शकतं. बऱ्याच पेशंटना काही लागल्याचं आठवतच नाही.

शिरेतलं रक्त हळू येतं. सुरुवातीला त्याला सामावायला मोकळी जागा असते, म्हणून त्रास होत नाही. मग त्या रक्ताभोवती पडदा तयार होतो, त्या पडद्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या येतात आणि त्या पुन्हा पुन्हा झिरपतात. असं करत करत तीन आठवडे ते तीन महिन्यांनी दाब जाणवू लागतो. तोवर न्हाणीतलं घसरणं सगळे विसरून गेलेले असतात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि दारूचं व्यसन यांनी धोका वाढतो. पण हे वाचून अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन स्वतःहून बंद करू नका. स्टेंट किंवा कृत्रिम झडप असलेल्या माणसात ती गोळी थांबवणं जिवावर बेतू शकतं. कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची, हे दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं असतं.

पत्र लिहीत न बसता सरळ दवाखाना कधी गाठायचा?

आई जास्त झोपू लागली आणि उठवायला कष्ट पडू लागले, डोकेदुखीसोबत उलट्या, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणं जड झालं, फिट आली. यातलं काहीही दिसलं तर 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यातच न्या, मग रात्र असो की सण.

गोंधळ दोन-तीन दिवसांत अचानक आला असेल, तोही त्याच दिवशी दाखवा. लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, साखर खूप कमी किंवा खूप जास्त होणं, अंगातलं पाणी कमी होणं, यांनी म्हाताऱ्या माणसाचं भान एका दिवसात जातं. ताप असेलच असं नाही.

सीटी स्कॅन नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले काही नाही. पण आई तशीच आहे.

सीटी नॉर्मल म्हणजे मेंदूत गाठ, मोठा झटका किंवा साचलेलं रक्त दिसलं नाही, एवढंच. क्वचित रक्त अशा टप्प्यावर असतं की सीटीत त्याचा रंग मेंदूसारखाच दिसतो आणि ते नजरेतून सुटतं. लक्षणं एका बाजूची असतील तर एमआरआयबद्दल विचारा.

त्यानंतर रक्ताकडे वळायचं. मी किमान सोडियम, बी-12, थायरॉइडसाठी टीएसएच, साखर, हिमोग्लोबिन आणि किडनीची तपासणी करते. यातल्या दोघांबद्दल आपल्या भागासाठी सविस्तर सांगते.

पहिलं बी-12. ते मांस, अंडी आणि दुधातून मिळतं. माळकरी, शाकाहारी घरातल्या आजी दूधही मुलांसाठी ठेवतात आणि स्वतः काळा चहा पितात. त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-12 आणखी घटतं. याची खूण अशी: पाय बधिर, तळव्याला गादीवरून चालल्यासारखं वाटणं आणि अंधारात तोल जास्त जाणं. पाय कुठे आहे हे मज्जातंतू कळवत नाहीत, म्हणून आई नजरेवर चालते. दिवे गेले किंवा तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो. पत्रात हे जरूर लिहा. लवकर सापडलं तर इंजेक्शनने भरून येतं. वर्षभर अंगावर काढलं तर पायातला काही दोष कायमचा राहतो.

दुसरं सोडियम. ते 135 ते 145 असावं. बीपीसाठी दिल्या जाणाऱ्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड यांनी, म्हाताऱ्या बायकांचं सोडियम घसरतं. टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळीत यातलं एखादं औषध मिसळलेलंही असतं, त्यामुळे घरच्यांना ते कळत नाही. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात भर म्हणून तांब्यावर तांबे पाणी, मीठ कमी आणि जेवण अर्ध्यावर. मग चाल सैल होते, लक्ष लागत नाही. घरी मिठाचं पाणी पाजून हे दुरुस्त करायला जाऊ नका. फार घटलेलं सोडियम घाईने वाढवलं तर मेंदूला इजा होते. ते तपासण्या करत सावकाशच वाढवावं लागतं.

गोळ्यांवर तुम्ही एवढा भर का देता? आईच्या गोळ्या तर साध्याच आहेत.

ज्या गोळीला घरात "साधी" म्हणतात, तीच मला बघायची असते. आपल्याकडे चक्कर आली की सिनारिझिन, फ्लुनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन दिलं जातं. चार-आठ दिवसांसाठी दिलेली गोळी दुकानातून तशीच महिनोन्‌महिने चालू राहते. ही औषधं मेंदूतल्या डोपामिनचं काम अडवतात. त्यामुळे माणूस कंपवाताच्या पेशंटसारखा दिसू लागतो: पावलं छोटी, हात झुलत नाहीत, चेहरा निर्विकार, हालचाल मंद. तोल गेला की घरचे म्हणतात "चक्कर वाढली" आणि गोळी वाढवतात. गोळी थांबवल्यावर हे उतरतं, पण त्याला आठवडे, कधी काही महिने लागतात.

झोपेच्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्यांनी तोल आणि आठवण दोन्ही बिघडतात. या मात्र एकदम बंद करायच्या नाहीत. हळूहळू कमी कराव्या लागतात. सर्दी आणि खाजेच्या काही गोळ्या, मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी दिलेलं अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि लघवी थांबत नाही म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन यांनीही म्हातारपणी भान हरपतं.

लघवीचं लिहायचं का? आईला फार लाज वाटते.

लिहा, आणि आईला सांगून लिहा. लघवीवरचा ताबा सुटणं हे विसरणं आणि बिघडलेली चाल यांच्या जोडीला आलं, तर एक वेगळं दार उघडतं. 1965 साली कोलंबियातले सालोमोन हाकिम आणि अमेरिकेतले रेमंड अ‍ॅडम्स यांनी सहकाऱ्यांसह हा आजार नीट मांडला. मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये पाणी साचतं, त्या फुगतात, पण पाण्याचा दाब मोजला तर जवळपास नॉर्मल निघतो. नावही तसंच, नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफलस.

यात बहुतेकदा चाल सगळ्यात आधी बिघडते. पाय जमिनीला चिकटल्यासारखे, पावलं लहान, दोन पायांत अंतर जास्त, वळताना बरीच पावलं. मग लघवीची घाई, मोरीपर्यंत पोचण्याआधीच होणं. विसरणं त्यासोबत किंवा मागून. स्कॅनच्या अहवालात यालाच कधी "वयानुसार मेंदू आकसला" असं लिहिलं जातं, कारण दोन्हींत पोकळ्या मोठ्या दिसतात. म्हणून लघवीचा उल्लेख पत्रात नसेल तर ही शक्यता कोणाच्या डोक्यातच येत नाही.

पुढची पायरी अशी: कमरेत मणक्यात सुई घालून 30 ते 50 मिलिलिटर पाणी काढतात, आणि आधी व नंतर आईला ठरावीक अंतर चालवून बघतात. चाल स्पष्ट सुधारली तर शंट, म्हणजे हे जादा पाणी वाहून नेणारी नळी, बसवण्याचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. सुधारली नाही तरी आजार नाहीच असं ठरत नाही. शंटने चाल सगळ्यात जास्त सुधारते, आठवण त्या मानाने कमी. ही अपेक्षा आधीच माहीत असावी.

आई शाळेत गेलेली नाही. डॉक्टरांनी तारीख आणि उलटे आकडे विचारले, तिला आले नाहीत. म्हणजे डिमेन्शिया का?

नाही. त्या चाचण्या शिकलेल्या माणसांसाठी बेतलेल्या आहेत. जिने आयुष्यात कॅलेंडर वाचलं नाही, तिला तारीख न येणं हा आजार नाही. तिला तिथी, वार, बाजाराचा दिवस विचारायला हवा. भाषेचाही प्रश्न आहे. धुळे, अमळनेर, चाळीसगावकडची आई अहिराणीत विचार करते, रावेर-यावलकडची लेवा बोलीत. प्रमाण मराठीत किंवा हिंदीत प्रश्न आला की ती गप्प बसते आणि कागदावर शून्य पडतं.

हे पत्राने भरून निघतं. ती काय करायची आणि आता काय करत नाही, ते लिहा: कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी तोंडी जोडायची, आता जोडत नाही, कोणत्या नातवाचं लग्न कोणत्या गावी झालं ते सांगायची, आता गोंधळते. आणि तिचे गोंधळलेले शब्द तिच्याच बोलीत, जसेच्या तसे लिहा.

भाऊ म्हणतो तू लांबून येऊन उगाच घाबरवतेस. त्याला न सांगता डॉक्टरांना लिहू का?

लिहू शकता. तुम्ही दिलेली माहिती वाचायला डॉक्टरांना कोणाची परवानगी लागत नाही. पेशंटची माहिती तुम्हाला सांगताना मात्र डॉक्टरांना पेशंटची संमती घ्यावी लागते, म्हणून उत्तर आलं नाही तर राग मानू नका.

तरी माझं मत विचाराल तर आईला आणि भावाला सांगूनच लिहा. भाऊ-वहिनी रात्रंदिवस तिच्याजवळ असतात. रात्री ती उठते का, न्हाणीत कितीदा तोल गेला, हे त्यांनाच माहीत असतं. पत्रातल्या दोन ओळी वहिनीला विचारून लिहिल्या तर पत्रही पूर्ण होतं आणि तक्रारीसारखं वाटत नाही.

पत्राऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला तर?

पत्रासोबत पाठवा, पत्राऐवजी नको. व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा पुरे: आई खाटेवरून उठते, अंगणात दहा पावलं जाते, वळते आणि परत येते. पाय आणि हात दोन्ही दिसले पाहिजेत. वळतानाचं शूटिंग कापू नका, तिथेच सगळ्यात जास्त कळतं. आईला विचारून काढा आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका.

ऑपरेशन झालं, आई सुधारली आणि महिन्याने पुन्हा तेच सुरू झालंय.

साचलेलं रक्त काढल्यावर काहींच्यात ते पुन्हा साचतं, बहुधा पहिल्या काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत. म्हणून नियमित तारखेची वाट न बघता लगेच न्यूरोसर्जनना दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा सुरू झाली असेल, तर कोणत्या दिवशी, ते सांगा. पहिल्या पत्राची झेरॉक्स आणि आधीच्या स्कॅनच्या फिल्म सोबत न्या. नुसता अहवाल पुरत नाही. खर्चाची अडचण असेल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, भरती होतानाच त्यांना रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवा.

डॉक्टरांसमोर आई एकदम नीट बोलते. मग आमचं कोणी खरं मानत नाही.

चढ-उतार हेच लक्षण असू शकतं, ते वर पत्राच्या उत्तरात आलं आहे. शिवाय नवीन माणसासमोर सावरून बसायची सवय आठवणीआधी जात नाही. त्यामुळे पुढच्या भेटीआधी आठवडाभर एका वहीत रोज दोन ओळी लिहा, एक सकाळची आणि एक दिवेलागणीची: चालली कशी, बोलली काय, झोपली किती. ते पान पत्राला जोडा. आणि शक्य असेल तर संध्याकाळच्या ओपीडीची वेळ घ्या, म्हणजे तुम्ही घरी जी आई बघता, ती डॉक्टरांनाही दिसेल.